विश्लेषण : ऑडिटर दोन, कामे बावीस… वर्षभरात नेमके काय तपासायचे?

जळगाव-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे पहूर आणि आजूबाजूचा जामनेर तालुका हा कापसाचा पट्टा. दिवाळीच्या आसपास इथल्या जिनिंगच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागू लागतात आणि काही महिन्यांत शेकडो कोटींचा माल काट्यावरून आत जातो. या धंद्याची उलाढाल मोठी, नफा पातळ आणि कार्यालयातली माणसे मोजकी. त्यामुळे कायद्याने अंतर्गत लेखापरीक्षण (ऑडिट) बंधनकारक होते, पण ते करायला एखाद-दुसराच माणूस असतो. एवढ्या छोट्या पथकाने वर्षाचा आराखडा कसा करावा? जोखीम मोजायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि जे तपासायचे राहून जाते, त्याची जबाबदारी कोणाची?

कायदा कोणाला लागू?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ नुसार ठरावीक कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमावा लागतो. खासगी कंपनीची आदल्या आर्थिक वर्षातली उलाढाल २०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, किंवा बँका व वित्तीय संस्थांचे कर्ज वर्षात कधीही १०० कोटींच्या वर गेले असेल, तर हे कलम लागू होते. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या सर्वच कंपन्यांना ते लागू आहे. हा लेखापरीक्षक सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट किंवा संचालक मंडळ ठरवेल तो अन्य व्यावसायिक असू शकतो. तो कंपनीचा नोकर असला तरी चालतो, बाहेरचा असला तरी चालतो. कामाची व्याप्ती, पद्धत आणि वारंवारिता मात्र संचालक मंडळाने किंवा लेखापरीक्षण समितीने त्याच्याशी सल्लामसलत करून ठरवायची असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीचे दोन जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि एक सरकीची तेलगिरणी आहे. हंगामात ती ३ लाख क्विंटल कापूस घेते. क्विंटलमागे सरासरी ७,००० रुपये धरले, तर खरेदीच २१० कोटींची होते. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी निघते, उरलेली ३ किलो घट. रुई १५० रुपये आणि सरकी ३५ रुपये किलोने धरली, तर या मालाची किंमत सुमारे २१९ कोटी होते. म्हणजे कंपनी कायद्याच्या कक्षेत आली. पण खरेदी आणि विक्री यांतले अंतर जेमतेम ९ कोटी आहे. त्यातूनच मजुरी, वीज आणि व्याज भागवायचे. अशा कंपनीत ऑडिटसाठी दोघेच असतात, एक सनदी लेखापाल आणि एक सहायक.

आधी जोखीम की आधी दिवस?

बहुतेक आराखडे ‘काय काय तपासायला हवे’ या यादीपासून सुरू होतात आणि जानेवारीत कोसळतात. छोट्या पथकाने आधी हातात किती दिवस आहेत, ते मोजावे.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ रविवार, १२ सण-सुट्ट्या, २१ हक्काच्या रजा आणि आजारपणाचे ५ दिवस वजा केले, की माणशी २७५ उरतात. दोघांचे मिळून ५५० मनुष्यदिवस. हे सगळे तपासणीसाठी मिळत नाहीत. आराखडा, बैठका आणि संचालक मंडळाचे अहवाल यांत ६० दिवस जातात. जुन्या त्रुटी खरेच दुरुस्त झाल्या का, हे पाहायला ५० लागतात. वैधानिक लेखापरीक्षक आणि बँकेच्या साठा तपासणीला मदत करण्यात ३० जातात, प्रशिक्षणात १०. शिवाय ‘साहेबांनी तातडीने बघायला सांगितले’ अशी कामे दरवर्षी येतातच. त्यांच्यासाठी सुमारे १५ टक्के, म्हणजे ८० दिवस राखून ठेवावे लागतात. ही बेरीज २३० होते. उरले ३२०.

हा आकडा संचालकांसमोर मांडला, की ‘यंदा सगळे बघून घ्या’ ही भाषा आपोआप बंद होते. एका मध्यम तपासणीला तयारी, प्रत्यक्ष काम, संबंधितांशी चर्चा आणि अहवाल धरून ३० मनुष्यदिवस लागतात. म्हणजे वर्षात दहा-अकरा तपासण्या होतील, त्याहून जास्त नाहीत.

कामांची यादी कशी करायची?

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे विभागांची यादी करणे : लेखा, खरेदी, भांडार, मनुष्यबळ. जोखीम विभागात बसलेली नसते, ती माल आणि पैसा जिथे हात बदलतात तिथे असते. म्हणून कापूस गेटमधून आत येतो तिथून रुईचे पैसे बँकेत जमा होतात तिथपर्यंतची वाट कागदावर काढावी. काटा, प्रतवारी, शेतकऱ्याचे पेमेंट, जिनिंग, गाठी, गोदाम, सौदा, विक्री, उधारी. या वाटेच्या कडेला मजूर ठेकेदार, वीज, विमा, जीएसटी, संगणक प्रणाली, सुटे भाग, डिझेल अशी कामे येतात. उदाहरणातल्या कंपनीत अशी २२ कामे निघाली.

ही यादी केबिनमध्ये बसून पूर्ण होत नाही. काट्यावरचा माणूस, जिनिंगचा फोरमन, खेडा खरेदी करणारा व्यापारी आणि रोखपाल यांच्याशी प्रत्येकी तासभर बोलले, तर कागदावर नसलेली दोन-तीन कामे हमखास सापडतात. उदाहरणार्थ, ‘काटा बंद पडला, की शेजारच्या काट्यावर वजन करून आणतो’ ही माहिती कोणत्याही नियमावलीत नसते.

गुण कसे द्यायचे?

प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे. इथे गडबड झाली तर किती फटका बसेल? आणि आजच्या व्यवस्थेत ती होण्याची शक्यता किती? दोन्हींना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करायचा.

मात्र ‘५ गुण’ म्हणजे काय, हे आधीच रुपयांत ठरवावे लागते. या कंपनीत १ कोटीच्या वरचा फटका म्हणजे ५ आणि ५ लाखांच्या आतला म्हणजे १. शक्यतेचे गुण देतानाही पुरावा हवा. एकच माणूस काम करतो आणि तोच नोंदही ठेवतो का? गेल्या वर्षभरात तिथला माणूस किंवा सॉफ्टवेअर बदलले का? शेवटची तपासणी कधी झाली? हे न ठरवता गुण दिले, तर सगळ्या कामांना ९ ते १२ मिळतात आणि यादी काहीच सांगत नाही.

या कंपनीची क्रमवारी अशी आली :

- कापूस खरेदी आणि वजनकाटा : २० गुण, ४५ दिवस
- रुईचा उतारा आणि गाठींचा साठा : २० गुण, ४५ दिवस
- रुई-सरकी विक्री आणि उधारी : १६ गुण, ३५ दिवस
- शेतकरी व व्यापाऱ्यांची देयके : १५ गुण, ४० दिवस
- आग, सुरक्षा आणि विमा : १५ गुण, २५ दिवस
- मजूर ठेकेदार : १२ गुण, ३० दिवस
- जीएसटी : १२ गुण, २५ दिवस
- संगणक प्रणालीतील हक्क : १२ गुण, २० दिवस
- रुईचे आगाऊ सौदे : १० गुण, २५ दिवस
- तेलगिरणी : ९ गुण, ३० दिवस

बेरीज ३२० दिवस. इथे रेषा ओढायची. सुटे भाग, डिझेल, प्रवासखर्च अशी १२ कामे रेषेखाली राहिली.

काटा आणि उतारा सर्वांत वर का?

हिशेब सरळ आहे. काट्यावर अर्ध्या टक्क्याची गडबड झाली, तर ३ लाख क्विंटलवर दीड हजार क्विंटलचा फरक पडतो. ७,००० रुपयांच्या भावाने ते १ कोटी ५ लाख होतात. उताऱ्याचे त्याहून नाजूक आहे. रुईचा उतारा ३४ ऐवजी ३३ टक्के दाखवला आणि तो एक टक्का सरकीत गेल्याचे लिहिले, तर ३ लाख किलो रुई कागदावरून गायब होते. रुई आणि सरकीच्या भावात किलोमागे ११५ रुपयांचे अंतर आहे, म्हणजे ३ कोटी ४५ लाख. ज्या धंद्यात सारे अंतरच ९ कोटींचे, तिथे एक टक्का एवढा महाग पडतो. याउलट प्रवासखर्चाची सगळी बिले वर्षभर तपासली, तरी हाती काही हजार लागतील.

काट्यावर नेमके काय पाहायचे?

भरलेल्या ट्रॉलीचे वजन, मग रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. खोट बहुधा रिकाम्या वजनात असते. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॉलीचे जुने रिकामे वजन साठवलेले असते आणि ट्रॉली पुन्हा न मोजता तेच वापरले जाते. किंवा भरलेले वजन घेताना ट्रॉलीवर माणसे बसलेली असतात आणि रिकामे घेताना उतरतात.

हे पकडायला काट्यावर दिवसभर उभे राहावे लागत नाही. सॉफ्टवेअरमधून हंगामाच्या सगळ्या पावत्या एक्सेलमध्ये घ्याव्यात आणि ट्रॉलीच्या क्रमांकानुसार लावाव्यात. एकाच ट्रॉलीचे रिकामे वजन दर खेपेला थोडेफार बदलते. ते किलोमागे किलो तेच राहिले, तर ट्रॉली मोजलेली नाही. एका खेपेला ते एकदम दीड क्विंटलने कमी झाले, तर कारण विचारावे. दोन वजनांतला वेळही बोलतो. कापसाने भरलेली ट्रॉली चार मिनिटांत रिकामी होत नाही. पावत्यांच्या क्रमांकात खंड किंवा हाताने केलेल्या नोंदी दिसल्या, तर त्या स्वतंत्र काढाव्यात. काट्यावरचा वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का चालू वर्षाचा आहे का, हेही पाहावे. काटा कंपनीच्या बाजूने चुकत असेल, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. ही त्रुटीही अहवालात तितक्याच ठळकपणे यायला हवी.

यानंतर काट्याच्या पावत्या लेखा सॉफ्टवेअरमधील खरेदीशी जुळवायच्या. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी दोन ठिकाणी राहतात आणि त्या कोणी जुळवत नाही, तिथे मोठे घोटाळे लपतात. २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यात हेच दिसले. भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना हमीचे संदेश ‘स्विफ्ट’वरून जात राहिले, पण बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंद नव्हती, कारण दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या.

आणि उताऱ्याचे काय?

कापूस ओला असेल तर घट जास्त येते. भारतीय कापूस महामंडळही (सीसीआय) ८ टक्के ओलावा प्रमाण धरते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात घट तीनच्या थोडी वर गेली, तर त्यात नवल नाही. पण फेब्रुवारीत कापूस कोरडा असताना घट नोव्हेंबरएवढीच लिहिली जात असेल, तर कोणीतरी आकडा बसवतो आहे. खरी घट महिन्यागणिक हलते, बसवलेली हलत नाही.

दुसरा पडताळा विजेचा. आठवड्याला किती युनिट वीज लागली आणि किती गाठी बांधल्या, याचे गुणोत्तर काढावे. एक गाठ साधारण १७० किलोची. युनिट वाढले आणि गाठी वाढल्या नाहीत, तर एक तर यंत्र बिघडले आहे किंवा काही गाठी नोंदीविना बाहेर गेल्या आहेत. वीज मीटर कारखान्याच्या माणसांच्या हातात नसतो, म्हणून हा पुरावा मोलाचा.

वेळापत्रक एप्रिल ते मार्च का नको?

आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जाते, पण कापूस एप्रिलची वाट पाहत नाही. काट्याची तपासणी जूनमध्ये ठेवली, तर ऑडिटरला रिकामा काटा आणि जुन्या पावत्या दिसतील. म्हणून खरेदी, उतारा, देयके आणि मजूर ठेकेदार ही चार कामे ऑक्टोबर ते मार्चमध्ये ठेवायची. त्यांचे दिवस १६० होतात. उरलेली सहा कामे, तीही १६० दिवसांची, एप्रिल ते सप्टेंबरमध्ये बसतात. जीएसटी त्यांतलेच. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला, की त्यावरचा कर खरेदी करणाऱ्याला भरावा लागतो. हंगाम संपला, की तो पूर्ण हिशेब एकत्र पाहता येतो.

विम्याचे काम हंगामाआधी संपवायचे, कारण जिनिंगला सर्वांत मोठी भीती आगीची. समजा, डिसेंबरात गोदामात ३० कोटींचा माल आहे आणि विमा २० कोटींचाच काढला आहे. ६ कोटींचा माल जळाला, तर साधारण पॉलिसीत भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. २० भागिले ३० या हिशेबाने ४ कोटीच मिळतात. ही त्रुटी ऑगस्टमध्ये सापडली, तर एका पत्राने दुरुस्त होते. जानेवारीत सापडली, तर उशीर झालेला असू शकतो.

रेषेखालच्या बारा कामांचे काय?

छोट्या पथकाच्या आराखड्यातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. यंदा काय तपासणार नाही, त्याचे गुण किती आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे एका पानावर लिहून संचालक मंडळासमोर ठेवावे. अंतर्गत लेखापरीक्षकांच्या जागतिक संस्थेची नवी मानके ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. त्यांतही आराखडा लेखी जोखीम मूल्यांकनावर आधारलेला हवा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा परिणाम मंडळाला सांगायला हवा, अशी अपेक्षा आहे.

मंडळापुढे मग तीन पर्याय उरतात : ही जोखीम मान्य करणे, माणूस वाढवणे किंवा बाहेरून काही दिवसांचे काम करून घेणे. संगणक प्रणालीसारख्या विषयात तिसरा पर्याय अनेकदा स्वस्त पडतो. निर्णय कोणताही असो, त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. पुढे सुटे भागांत चोरी निघाली, तर ‘ऑडिट काय करत होते?’ या प्रश्नाचे उत्तर त्या पानावर असते. आणि सलग तीन वर्षे रेषेखाली राहिलेले काम चौथ्या वर्षी गुण न पाहता वर घ्यावे. जिथे कोणी कधी येत नाही, हे एकदा कळले, की तिथली शक्यता वाढत जाते.

वर्षाच्या मध्येच परिस्थिती बदलली तर?

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केले आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. असा निर्णय आला, की रुईच्या भावाचा अंदाज बदलतो. आगाऊ सौदे करून बसलेल्या कंपनीत ‘सौदे’ या कामाची शक्यता २ वरून ४ होते आणि गुण १० वरून २० वर जातात. एप्रिलमध्ये केलेला आराखडा तसाच रेटला, तर ऑडिट चुकीच्या जागी बसलेले राहील.

मग दिवस कुठून आणायचे? सौद्यांचे २५ दिवस ४० करायचे असतील, तर १५ कुठून तरी काढावे लागतात. सर्वांत कमी गुण तेलगिरणीचे. तिचे ३० दिवस १५ वर आणून केवळ साठा मोजणीपुरते ठेवायचे आणि हा बदल मंडळाला लेखी कळवायचा. गुणांची अशी फेरतपासणी दर तिमाहीला व्हावी. त्याला एक दिवस पुरतो.

आराखडा फसतोय हे कसे ओळखायचे?

पहिली खूण म्हणजे यंदाचा आराखडा गेल्या वर्षीचा फक्त तारीख बदललेला असतो. दुसरी, अहवालात व्हाउचरवर सही नाही, शिक्का नाही, अशाच त्रुटी भरलेल्या असतात आणि रुपयांतला फटका कुठेच नसतो. तिसरी, ठरलेले आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीचा ३० दिवसांचा अंदाजही हवेतलाच राहतो.

चौथी खूण खान्देशातल्याच नव्हे, तर सगळीकडच्या मालकी वळणाच्या कंपन्यांत दिसते. प्रत्येक बिल पेमेंटआधी ऑडिटरच्या सहीसाठी येते. मालकाला त्यात सुरक्षित वाटते. पण रोज दोन तास या सह्यांत गेले, तर आठ तासांच्या दिवसाने वर्षाचे जवळजवळ ७० मनुष्यदिवस संपतात. म्हणजे काटा आणि देयके यांच्यापैकी एक तपासणी होतच नाही. शिवाय ज्या बिलावर ऑडिटरची सही आहे, ते नंतर तोच निष्पक्षपणे तपासू शकत नाही. ही सही लेखा विभागाच्या प्रमुखाची हवी. ती तिथे सोपवल्याचा ठराव आराखड्यासोबतच मंजूर करून घेतला, तर ३२० दिवसांचा हिशेब हंगामातही टिकतो.